काकवीचं घड्याळ आणि आमच्या शिफ्टा

कुत्रं पाळायचं की नाही, हा प्रश्न बहुतेक घरांत आवडीनिवडीवर सुटतो. एकाला फार आवडतं, दुसऱ्याला चालतं, झालं. आमच्याकडे तो तसा सुटला नाही, याचं श्रेय नवऱ्याच्या नोकरीला. तो शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत आहे आणि त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, बारा ते सात. मी पतसंस्थेत आहे. सकाळी साडेनऊला बाहेर पडते आणि सहाला परत येते, मार्च एंडला तेही नाही. राहायला फुलेवाडीत, दुसऱ्या मजल्यावर, सोबत सासूबाई. अशा घरात "दोघं मिळून बघूया की" या वाक्यात फारसा दम नसतो, कारण दोघं एका वेळी घरात कधी असणार हेच आधी कॅलेंडर बघून सांगावं लागतं.

कुत्रं हवं होतं ते त्याला. मला नको नव्हतं, पण माहेरचा इतिहास डोळ्यांसमोर होता. तिथं पिल्लू आणायचा हट्ट आम्हा भावंडांचा होता आणि पुढची तेरा वर्षं त्याची भाकरी, अंघोळ, औषध सगळं आईच्या गळ्यात पडलं. आम्ही त्याचे लाड करायचो, आणि लाड करणं म्हणजेच सांभाळणं असा आमचा प्रामाणिक समज होता. म्हणून मी पहिल्याच दिवशी अट घातली: घरातल्या कुणाही एकाचा नकार पुरेसा, होकार मात्र तिघांचा लागेल. नवऱ्याला वाटलं, तिसरं कोण? तिसऱ्या स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या.

त्याच सुमारास गल्लीतल्या एका कुत्रीनं बंद पडलेल्या टेम्पोखाली पिल्लं घातली होती. नवरा रोज येता-जाता त्यांचे फोटो काढून पाठवायचा. पिल्लाच्या फोटोपुढे कुणाचंही डोकं चालत नाही, म्हणून मी एका रविवारी कागद-पेन घेऊनच बसले. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा दोन-अडीच तासांपलीकडे लघवी धरू शकत नाही. झोपून उठलं की, खाऊन झालं की, खेळून दमलं की त्याला न्यायलाच लागतं. खाणं दिवसातून तीन-चार वेळा. सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. तिसऱ्या महिन्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध. आणि लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर उतरवायची सोय नाही, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो आणि कुठलं कुत्रं कुठं बसून गेलं हे आपल्याला कळत नाही. म्हणजे शी-शूसाठी गच्चीवर न्यायचं, तीही धुवायची.

हे सगळं साडेनऊ ते सहा या वेळात कोण करणार, हे लिहायला गेल्यावर कागदावर एकच नाव उरलं. त्या नावाच्या मालकिणीला आम्ही दोघांनीही विचारलेलं नव्हतं.

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "दोघांनी मिळून आणायचं आन् तिसऱ्यानं निस्तरायचं, असलं काय असंल तर आत्ताच सांगा. मी आपला गावाकडं जातो."

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नवरा-बायको कामं वाटून घेतात तेव्हा ती बऱ्याचदा तिसऱ्याच्या डोक्यावर जातात, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या नाहीतर कामाला येणाऱ्या मावशींच्या, आणि मग दोघं एकमेकांशी अगदी न्यायानं वागल्याच्या समाधानात राहतात. त्यामुळे पिल्लाचा विषय तिथंच मिटला. पिल्लं वाईट नव्हती, आमचं घर पिल्लाचं नव्हतं. (त्यांतली तीन पिल्लं गल्लीतल्याच लोकांनी नेली. नर आधी गेले, मादी शेवटपर्यंत राहिली. हे सगळीकडे असंच असतं.)

मग दुसरा रस्ता निघाला, जो लोकांना सहसा पटत नाही: वयात आलेलं कुत्रं घ्यायचं. "मोठं कुत्रं माणसाला लागत नाही", "लहानपणापासूनच पाहिजे" हे आम्हाला डझनभर लोकांनी ऐकवलं. प्रत्यक्षात दीड-दोन वर्षांचं देशी कुत्रं कामावर जाणाऱ्या घराला कितीतरी सोयीचं. ते दिवसा सहा-सात तास आरामात काढतं, रात्री आठ-नऊ तास झोपतं, दोन वेळा जेवतं. अंगापिंडानं किती होणार, स्वभावानं कसं आहे, मुलांवर गुरगुरतं का, जिन्यात घाबरतं का, हे आधीच दिसतं. पिल्लाच्या बाबतीत हे सगळं नशिबावर सोडावं लागतं.

रस्त्यावरची जखमी कुत्री उचलून बरी करणाऱ्या एका ओळखीच्या ताईंकडे काकवी होती. हे नाव आम्ही नंतर ठेवलं, तिच्या रंगावरून. गुऱ्हाळावर कढईतून काढलेली काकवी असते, नेमका तोच रंग. वय सुमारे दोन वर्षं, नसबंदी झालेली, त्याची खूण म्हणून कानाचं टोक थोडं कापलेलं. एक मागचा पाय किंचित ओढत चालायची. ताईंनी स्वतःच सुचवलं की आधी पंधरा दिवस सांभाळायला न्या, जमलं तर ठेवा, नाहीतर विनासंकोच परत आणा. असं कुणी सुचवलं तर ते कमीपणाचं मानू नये. परत करायची वाट उघडी असली की माणसं खरं बोलतात.

पण तिला आणायच्या आधी आम्ही एक रंगीत तालीम केली, कुत्र्याशिवाय. जुलै महिना होता. कल्पना माझी आणि ती ऐकून नवरा बराच वेळ हसत होता: ज्याची पाळी असेल त्यानं पहाटे पावणेसहाला उठून रेनकोट घालून खाली उतरायचं, अर्धा तास चालून यायचं, आल्यावर जिना पुसायचा. हातात काही नाही, बरोबर कुणी नाही. जुलैतला कोल्हापूरचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना यातली मेख कळेल. डिसेंबरातल्या गुलाबी थंडीत रंकाळ्याला फेरी मारून "आम्ही रोज फिरवू" असं कुणीही म्हणेल. निर्णय पावसाळ्यात घ्यावा. चार दिवस सलग झड लागलेली असताना, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, चप्पल चिखलात, आणि घरी आल्यावर ऑफिसची घाई. त्यात जे निभावतं तेच खरं.

तालमीत जे कळलं ते आळसाबद्दल नव्हतं. उठायचा कंटाळा दोघांनाही सारखाच आला आणि दोघंही उठलो. कळलं ते हे की निम्मं-निम्मं वाटणं आमच्या घरात चालणारच नाही. एक दिवस तू, एक दिवस मी, असं ठरवलं होतं. ते पहिल्याच आठवड्यात मोडलं, कारण त्याची पहिली शिफ्ट होती आणि सव्वासहाला त्याची बस असते. कुत्र्याचं घड्याळ रोज तेच असतं. त्याचं दर सोमवारी बदलतं. माझं ठरलेलं आहे. म्हणजे सम-विषम तारखा लावल्या तर कागदावर न्याय दिसणार आणि प्रत्यक्षात जिचं घड्याळ स्थिर तिच्यावर सगळं येऊन पडणार.

मग आम्ही कामांचे दोन ढीग केले. एक, घड्याळाला बांधलेली कामं: सकाळची फेरी, सकाळचं खाणं, दुपारी खाली नेऊन आणणं, संध्याकाळची फेरी, रात्रीचं खाणं, झोपण्याआधी शेवटचं खाली नेणं. ही तासाभरापेक्षा जास्त पुढेमागे होत नाहीत. दुसरी सैल कामं: अंघोळ, नखं, गोचीड बघणं, खाद्य आणि औषध आणणं, डॉक्टरकडे नेणं, तिची पथारी धुणं, लसीच्या तारखा. ही कुठल्याही दिवशी करता येतात, पण ती कुणाच्या तरी डोक्यात सतत राहावी लागतात.

घड्याळाची कामं शिफ्टप्रमाणे लावली. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात सकाळ माझी. तो सव्वाचारला घरी येतो, तेव्हा संध्याकाळची फेरी, रात्रीचं खाणं आणि शेवटचं नेणं त्याचं. दुसऱ्या शिफ्टला उलट: सकाळ पूर्ण त्याची, अडीचला निघण्याआधी दुपारचंही त्याचंच, संध्याकाळ आणि रात्रीचं खाणं माझं, आणि तो साडेबाराला आला की वर यायच्या आधी तिला खाली नेणार. काकवीला हे पहिल्या दोन दिवसांतच समजलं. गाडीचा आवाज आला की ती दाराशी उभी. खरी अडचण तिसऱ्या शिफ्टची. तो रात्री अकराला जातो आणि सकाळी पावणेआठला परत येतो. कागदावर बघितलं तर दोन्ही टोकं त्यालाच जमतात. जाताना नेऊन आणलं, आल्यावर फिरवलं, कुत्रं मधे निवांत झोपलेलं. पण रात्रभर भट्टीसमोर उभं राहून आलेल्या माणसाला लगेच अर्धा तास चालायला लावणं हा न्याय नाही. त्या आठवड्यात सकाळ मी घेते आणि त्याबदल्यात त्या आठवड्याचा रविवार सबंध त्याचा. मी त्या दिवशी पट्ट्याला हातसुद्धा लावत नाही. हे ऐकायला कोरडं वाटतं. पण तो रविवार आधी ठरलेला असल्यामुळे मला गुरुवारी चिडायचं कारण उरत नाही.

या हिशेबात घड्याळाची कामं माझ्याकडे थोडी जास्त येतात, हे उघड आहे. म्हणून सैल कामांचा सगळा ढीग त्याचा. सगळा म्हणजे आठवण ठेवण्यासकट. यावर मी अडून बसले. "तू सांग, मी करतो" हे मला चालणार नव्हतं, कारण सांगणं हेच त्यातलं निम्मं काम असतं. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, रेबीजची आणि बाकीची लस वर्षातून एकदा, गोचिडाची गोळी महिन्याला एक; तारीख तोच बघणार, गोळी तोच आणणार, तोच देणार, कार्डावर तोच लिहिणार. एका कामाला एकच मालक. इचलकरंजीला माझ्या बहिणीकडे दोघंही मालक आहेत, परिणामी त्यांचा लॅब्रेडोर रोज दोनदा सकाळचं जेवतो. उपाशी असल्याचा अभिनय त्याच्याइतका कुणाला जमत नाही. जेवणाचं एवढ्यावर निभावतं. औषध दोघांनी दिलं, किंवा दुसऱ्यानं दिलं असेल म्हणून कुणीच दिलं नाही, तर महागात पडतं.

गोचिडाचं उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण पावसाळ्यात आपल्याकडे हाच मोठा धोका असतो. फिरून आल्यावर नवरा काकवीला जिन्याच्या कठड्याशी उभी करतो आणि ठरलेल्या क्रमानं बोटं फिरवतो. कानाच्या आतली घडी, पट्ट्याखालची मान, बगला, मग एकेका पंजाची बोटं फाकवून मधली बेचकी. वाटाण्याएवढा फुगलेला राखाडी गोचीड कुणालाही दिसतो. तिळाएवढा तपकिरी मात्र बोटालाच लागतो, डोळ्यांना नाही. चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायचा आणि साबणाच्या पाण्यात टाकायचा. बोटांनी चिरडायचा नाही. रॉकेल चोळा असं सांगणारे शेजारी आमच्याकडेही आहेत. त्यानं कातडी भाजते आणि चाटलं तर पोटात जातं.

एका ऑगस्टमध्ये काकवीनं सकाळचं खाणं सोडलं. सासूबाई म्हणाल्या, पाऊस आहे, भूक मंदावली असंल. नवऱ्यानं तिचा ओठ वर करून हिरडी बघितली. एरवी ती गुलाबी असते. तेव्हा पांढुरकी दिसत होती. पोटाच्या कातडीवर टाचणीच्या डोक्याएवढे दोन-तीन लाल ठिपके होते. त्याच संध्याकाळी रक्त तपासलं, प्लेटलेट्स उतरल्या होत्या, गोचिडाचा ताप निघाला. जवळजवळ महिनाभर गोळ्या चालल्या आणि ती बरी झाली. मला ती हिरडी दिसली नसती, कारण मी ती रोज बघत नाही. एकाच माणसानं रोज हात फिरवला की बदल त्याच्या लक्षात येतो. दोघांनी आलटून पालटून फिरवला असता तर प्रत्येकाला वाटलं असतं की अशीच असेल.

आता सासूबाईंचा होकार. तो त्यांनी अटींवर दिला, आणि त्या अटी आम्ही दोघांनी मिळून केलेल्या वाटणीपेक्षा जास्त स्पष्ट होत्या. देवघरात आणि ओट्यापाशी कुत्रं येणार नाही. पहिल्या आणि तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात दुपारी एकदा त्या तिला खाली नेऊन आणतील, फाटकापर्यंत, त्यापुढे नाही. घाण काढणार नाहीत. पाऊस असेल तर नेणार नाहीत. गच्चीवर जाईल, आणि गच्ची आम्ही धुवायची. आणि "मला गावाला जायाचं झालं की आठ दिस आधी सांगीन, तवर तुमची सोय तुम्ही लावा." एवढं सगळं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "आन् रविवारचं मटण तिला मी देणार, त्यात कुणी बोलायचं नाही."

त्यात मात्र बोलावं लागलं. कोल्हापुरात रविवारी ज्या घरात कुकर लागतो त्या घरातल्या कुत्र्याला हाड मिळणार हे गृहीतच असतं. माझे मामा आले की ताटातलं नळीचं हाड आधी खाली जातं. पण शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या कपच्या होतात आणि त्या आतड्यात रुततात. आणि तांबडा असो की पांढरा, रश्श्यात कांदा-लसूण असतोच. कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात, शिजवून त्याचा गुण जात नाही. आमचा तर अळणीसुद्धा आलं-लसणाशिवाय होत नाही. सासूबाईंना हे मी सांगितलं असतं तर सुनेचं शहाणपण झालं असतं. ते डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून फोडणीच्या आधी, मीठसुद्धा घालण्याआधी, बिनहाडाचे चार-पाच तुकडे वेगळ्या डब्यात नुसत्या पाण्यात शिजतात. तो डबा काकवीचा, आणि तो द्यायचा मान फक्त त्यांचा. मामा आले की त्या डोळे वटारतात: "हाड टाकू नगासा. डॉक्टर वरडत्यात."

पैशाचं थोडक्यात. खाणं घरचंच, भात, अंडी, चिकन, जोडीला थोडं विकतचं खाद्य. औषधं धरून महिन्याला अडीच-तीन हजार जातात. ते दोघांचे. आजारपणासाठी तिच्या नावानं माझ्याच पतसंस्थेत रिकरिंग लावलंय. तिच्या नावानं म्हणजे अर्थात माझ्या. केवायसीला कान कापलेला फोटो चालत नाही. गोचिडाच्या तापाचा खर्च त्यातूनच निघाला, त्यामुळे त्या आठवड्यात निदान पैशावरून कुणी कुणाशी बोललं नाही.

इमारतीत एका घराचा विरोध होता. सोसायटीला बहुमतानंसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे, आणि नवऱ्यानं ते छापूनही आणलं होतं. मी तो कागद दाखवू दिला नाही. त्यांना नेमका त्रास कशाचा, हे विचारलं. जिन्यातल्या ओल्या पायांचा, एवढंच होतं. ते पुसायचं आम्ही तालमीतच शिकलो होतो.

पंधरा दिवसांच्या शेवटी तिघं बसलो. मी एक प्रश्न काढला, जो कुणालाच आवडला नाही: याची पुण्याकडे चाकणला बदली झाली, किंवा उद्या घरात बाळ आलं, तर काकवी कुणाची? देशी कुत्रं बारा-चौदा वर्षं सहज जगतं. ही दोन वर्षांची. म्हणजे अजून दहा-बारा वर्षांचा करार, आणि त्यातल्या पहिल्या वर्षाचंच चित्र आपल्या डोळ्यांसमोर. नवरा म्हणाला, "माझी. जाईन तिथं नेईन, न्यायला जमलं नाही तर जाणार नाही." मी ते वहीत लिहून घेतलं आणि त्याची सही घेतली. त्याला ते लागलं थोडं. पण बाळाच्या वेळी काय, हे त्याला एकट्याला ठरवता येणार नव्हतं. त्या वर्षी घड्याळाची माझी सगळी कामं त्याच्याकडे, आणि नाही जमलं तर पैसे देऊन माणूस लावायचा, असं त्याखाली लिहिलं. त्यावर माझी सही आहे.

एक गोष्ट मात्र वहीत अजून बसलेली नाही: गणपती विसर्जन. काकवीला फटाक्यांचं काही वाटत नाही, डॉल्बीनं मात्र ती हादरते. लाळ गळते, अंग थरथरतं, बाथरूमच्या कोपऱ्यात घुसते. त्या रात्री खिडक्या बंद करून, पंखा आणि टीव्ही मोठ्यानं लावून कुणीतरी तिच्याजवळ बसावंच लागतं, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. नवरा तालमीचा माणूस. वर्षभर कुठं जात नाही, पण महाद्वार रोडवर त्याचं मंडळ असताना तो घरी बसणं शक्य नाही. भाऊबीजेला मी माहेरी जाते तेव्हा तो बसतो, म्हणून गेली विसर्जनं मी बसले. यंदा माझ्या पतसंस्थेतल्या मैत्रिणींनी पहिल्यांदाच लेझीमचं पथक काढलंय आणि मी त्यात आहे.

परवा हे जेवताना निघालं. नवरा म्हणाला, रात्री दहापर्यंत मी बसतो, मग तू ये. मी म्हटलं, आमचं पथक साडेनऊला चौकात येणार. बराच वेळ आमची ही ओढाताण चालली. सासूबाईंनी ताट सारलं आणि म्हणाल्या, "मी बसतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठणार न्हाई. कोण उठायचं त्ये तुमचं तुम्ही बघा."

तेच बघणं चालू आहे. नवऱ्याची त्या आठवड्यात दुसरी शिफ्ट आहे, म्हणजे नियमानं सकाळ त्याची. मिरवणुकीतून तो घरी येणार सकाळी सातला. तो म्हणतो, मग फिरवूनच झोपतो. मी म्हटलं, लिही.